एका आवेगाने स्नायू हलतो, मग न्यूरॉनला इतके का लागतात?

प्रश्न: चेता-स्नायू जोडावर एक आवेग आला की स्नायूतंतू दर वेळी फायर होतोच. मग मेरुरज्जूतल्या मोटर न्यूरॉनला समेशन का लागतं? जोडावर समेशन होतच नाही असं समजायचं का?

समेशन, म्हणजे छोट्या सिग्नलांची बेरीज, दोन्हीकडे होतं. चेता-स्नायू जोडावर ते एकाच मज्जातंतूच्या टोकात, मिलिसेकंदभरात उरकतं, म्हणून नजरेत येत नाही. मेरुरज्जूत तीच बेरीज वेगवेगळ्या तंतूंमध्ये वाटलेली असते. त्यामुळे ते तंतू किती आले, एकमेकांच्या किती जवळ आले आणि त्याच वेळी त्यांना कोण रोखत होतं, यावर निकाल ठरतो. आकडे घेऊन पाहू.

आधी जोड. बर्नार्ड कात्झ आणि पॉल फॅट यांनी १९५० च्या सुमारास बेडकाच्या स्नायूतंतूत, एंडप्लेटच्या अगदी जवळ मायक्रोइलेक्ट्रोड घातला. मज्जातंतूला कोणीही उत्तेजित करत नसताना रेकॉर्डिंगवर साधारण अर्ध्या मिलिव्होल्टचे छोटे उंचवटे अधूनमधून उमटत होते. हे मिनिएचर एंडप्लेट पोटेन्शियल, थोडक्यात मिनी. मज्जातंतूच्या टोकातली रसायनाची एक सूक्ष्म पिशवी, म्हणजे व्हेसिकल, फुटली, तिच्यातले अ‍ॅसिटिलकोलिनचे काही हजार रेणू एकदम बाहेर पडले, की एक मिनी उमटते. मज्जातंतूतून अ‍ॅक्शन पोटेन्शियल, म्हणजे आवेग, टोकाशी पोचला की कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि बेडकात शंभर किंवा त्याहून जास्त व्हेसिकल जवळजवळ एकाच वेळी फुटतात. म्हणजे एंडप्लेट पोटेन्शियल ही मुळातच शंभर मिनींची बेरीज आहे. माणसात व्हेसिकलचा हा आकडा बराच लहान असतो, पण जोडाच्या खोल घड्या आणि त्यांच्या तळाशी दाटीने बसलेले सोडियम चॅनेल ती उणीव भरून काढतात.

ही बेरीज आहे हे ओळखायची एक सुंदर पद्धत कात्झ आणि देल कास्तीयो यांनी १९५४ मध्ये वापरली. बाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम कमी करायचं, मॅग्नेशियम वाढवायचं, म्हणजे व्हेसिकल फुटण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. मग काही उत्तेजनांना शून्य प्रतिसाद मिळतो, काहींना एका मिनीइतका, काहींना दोन मिनींइतका. मधले आकार फारसे नाहीतच. समजा २०० उत्तेजनं दिली आणि ७४ वेळा काहीच उमटलं नाही. प्वासाँ नियमाप्रमाणे दर उत्तेजनामागे सरासरी व्हेसिकल

```
m = ln(200/74) ≈ 1
```

म्हणजे सगळ्या प्रतिसादांची, शून्य प्रतिसाद धरून, सरासरी उंची एका मिनीइतकी यायला हवी. दोन वेगळ्या वाटांनी काढलेला आकडा जुळला तर रेकॉर्डिंग विश्वासार्ह. जुळला नाही, तर बहुतेक वेळा छोट्या मिनी नॉइजमध्ये बुडून 'शून्य' म्हणून मोजल्या गेलेल्या असतात.

आता खरी मेख. शंभर मिनी, प्रत्येकी ०.५ मिलिव्होल्ट, म्हणून बेरीज ५० मिलिव्होल्ट, असं गणित अनेक जण मांडतात. ते चुकतं. अ‍ॅसिटिलकोलिनचे चॅनेल व्होल्टेज थेट देत नाहीत, ते फक्त दार उघडतात. आत येणारा प्रवाह किती, हे पटल त्या क्षणी शून्यापासून किती दूर आहे त्यावर ठरतं, कारण या चॅनेलचा रिव्हर्सल पोटेन्शियल, म्हणजे ज्या व्होल्टेजला निव्वळ प्रवाह थांबतो ती पातळी, शून्याच्या आसपास आहे. विश्रांतीत पटल −९० वर असेल तर पहिल्या मिनीला ९० मिलिव्होल्टचा जोर मिळतो. पटल −६० पर्यंत वर आलं की पुढच्या मिनींना ६० चाच मिळतो. म्हणून प्रत्येक नवी मिनी आधीच्या मिनीपेक्षा थोडी कमी भर घालते. ही दुरुस्ती ए. आर. मार्टिन यांनी १९५५ मध्ये दिली:

```
v' = v / (1 - v/E)
```

इथे v म्हणजे प्रत्यक्ष दिसणारी उंची, v' म्हणजे सरळ बेरजेने यायला हवी होती ती उंची आणि E म्हणजे विश्रांतीपासून रिव्हर्सलपर्यंतचं अंतर, आपल्या उदाहरणात ९०. सरळ बेरीज ५० असेल तर प्रत्यक्ष उंची साधारण ३२ मिलिव्होल्ट येते. व्हेसिकल दुप्पट करा, सरळ बेरीज १०० होईल, पण प्रत्यक्षात मिळतील ४७.

थ्रेशोल्डला, म्हणजे तंतू जिथे फायर होतो त्या पातळीला पोचायला, १५ मिलिव्होल्टचा चढ लागतो असं धरा. त्याच सूत्राने १५ मिलिव्होल्टसाठी सरळ बेरीज १८ हवी, म्हणजे अर्ध्या मिलिव्होल्टच्या ३६ मिनी. हाताशी १००, गरज ३६ ची. जोडाची ही राखीव ताकद म्हणजे सेफ्टी फॅक्टर, इथे पावणेतीनच्या जरा वर. तो ३२ भागिले १५ असा मिलिव्होल्टमध्ये काढला तर जेमतेम दोनच्या वर येतो आणि जोड आहे त्यापेक्षा कमकुवत वाटतो. मोजणी नेहमी दुरुस्त केलेल्या बेरजेत करावी. पुढच्या सगळ्या उदाहरणांसाठी १८ हा आकडा लक्षात ठेवा: व्हेसिकलची संख्या गुणिले मिनीची उंची १८ च्या वर गेली की स्नायूतंतू फायर होणार.

एकाच आवेगात थ्रेशोल्ड ओलांडला जात असल्यामुळे निरोगी जोडावर एकामागून एक आलेल्या आवेगांच्या बेरजेला वावच राहत नाही. अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिनचा फडशा लगेच पाडतं आणि अ‍ॅक्शन पोटेन्शियल आधीचं सगळं पुसून टाकतो. इथे एक गोंधळ हमखास होतो. वेगाने उत्तेजना दिल्यावर स्नायूचा ताण वाढत जाऊन टिटॅनस, म्हणजे सलग आकुंचन, येतो, त्यालाही 'समेशन' म्हणतात. पण ती सायनॅप्सवरची बेरीज नव्हे. स्नायूतंतूतला अ‍ॅक्शन पोटेन्शियल काही मिलिसेकंदांत संपतो, आकुंचन मात्र दहापट किंवा त्याहून जास्त वेळ चालतं, म्हणून पुढचं आकुंचन आधीच्यावर चढतं. तिथे बेरीज होते ती तंतूच्या आतल्या कॅल्शियमची आणि ताणाची. अ‍ॅक्शन पोटेन्शियल सुटे सुटेच राहतात.

आता मोटर न्यूरॉन. ब्रॉक, कूम्ब्स आणि एक्लिस यांनी १९५१ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे मांजराच्या मोटर न्यूरॉनमध्ये इलेक्ट्रोड घालून पहिल्यांदा ही बेरीज आतून पाहिली. नंतर मेंडेल आणि हेनेमन यांनी एकेका आयए तंतूचा, म्हणजे स्नायूच्या स्पिंडलमधून येणाऱ्या जाड संवेदी तंतूचा परिणाम सुटा करून मोजला. एका तंतूच्या एका आवेगाने मिळणारा ईपीएसपी, म्हणजे पटलाला थ्रेशोल्डकडे नेणारा छोटा चढ, सरासरीने ०.१ मिलिव्होल्टच्या आसपास. थ्रेशोल्ड मात्र विश्रांतीपासून १० ते १५ मिलिव्होल्ट वर.

इतका छोटा का? एका आयए तंतूची एका न्यूरॉनवर मोजकीच टोकं असतात. प्रत्येक टोकातून एका आवेगाला एखादी व्हेसिकल फुटते, बऱ्याचदा एकही फुटत नाही. शिवाय मोटर न्यूरॉन ही प्रचंड पेशी आहे, तिचा इनपुट रेझिस्टन्स मेगाओहमच्या घरातला, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाने व्होल्टेज थोडंच चढतं. त्यातून सायनॅप्स डेंड्राइटवर दूर असेल तर पेशीकायेपर्यंत पोचताना सिग्नल आणखी उतरतो. जोडावर शंभर व्हेसिकल, इथे एखादी. सगळा फरक तिथेच आहे. एकटा तंतू निकाल लावू शकत नाही, आणि तेच बरं. कारण मांजराच्या पोटरीच्या एका स्नायूतला प्रत्येक आयए तंतू त्या स्नायूच्या जवळपास सगळ्या, म्हणजे तीनशेच्या आसपास मोटर न्यूरॉन्सना जाऊन मिळतो. प्रत्येक आवेग निर्णायक असता तर एका स्पिंडलच्या हालचालीने सगळा स्नायू आखडला असता.

मग टेम्पोरल समेशनचं काय? क्रमिक पुस्तकांतल्या आकृतीत एकच तंतू भराभर फायर होतो, ईपीएसपी पायऱ्यांसारखे चढत जातात आणि थ्रेशोल्ड गाठतात. आकृती तत्त्व समजावते, पण प्रमाणाचा अंदाज चुकवते. हिशोब करून बघा. मोटर न्यूरॉनचा टाइम कॉन्स्टंट ५ मिलिसेकंद धरला, तर प्रत्येक ईपीएसपी दर ५ मिलिसेकंदांनी ३७ टक्क्यांवर येतो. पटल म्हणजे तळाला भोक असलेली बादली. ओतताना गळती चालूच असते. तंतू सेकंदाला २०० वेळा फायर झाला, म्हणजे दोन आवेगांत ५ मिलिसेकंद, तर शिखर १, मग १.३७, मग १.५० असं चढत १.५८ पटीवर थांबतं. ०.१ मिलिव्होल्टचे झाले ०.१६. सेकंदाला १०० आवेग असतील तर मिळतात फक्त १.१६ पट. म्हणजे एकटा आयए तंतू कितीही वेगाने फायर झाला तरी न्यूरॉन थ्रेशोल्डच्या जवळपासही फिरकत नाही.

टाइम कॉन्स्टंट मोठा असलेल्या पेशीत हेच चित्र बदलतं. कॉर्टेक्समधल्या एखाद्या पिरॅमिडल न्यूरॉनचा तो २० मिलिसेकंद धरा. दर १० मिलिसेकंदांनी आवेग आला तर आधीच्याचा ६१ टक्के भाग शिल्लक असतो आणि शिखर अडीचपटीपर्यंत चढतं. म्हणून 'टेम्पोरल समेशन किती होतं' या प्रश्नाला पेशी आणि आवेगांमधलं अंतर सांगितल्याशिवाय उत्तर नसतं. डेंड्राइटमधले एनएमडीए रिसेप्टर आणि व्होल्टेजवर उघडणारे कॅल्शियम चॅनेल हा आकडा आणखी वर नेऊ शकतात, तो वेगळा विषय.

मोटर न्यूरॉनला खरा आधार स्पेशियल समेशनचा. पोटरीच्या त्या स्नायूतून साधारण ६० आयए तंतू येतात. सगळे एकाच मिलिसेकंदात आले तर सरळ बेरीज ६ मिलिव्होल्ट. विश्रांतीतल्या न्यूरॉनला तेवढं पुरत नाही. सहकारी स्नायूंचे तंतू आणि मेंदूतून येणारे मार्ग यांनी त्याला आधीच थोडं वर उचलून ठेवलेलं असावं लागतं. आणि 'एकाच मिलिसेकंदात' ही अट कडक आहे. तेच ६० आवेग २० मिलिसेकंदांत समान पसरले तर शेवटचा येईपर्यंत आधीच्यांचा बहुतेक भाग गळून गेलेला असतो: दर मिलिसेकंदाला ०.३ मिलिव्होल्ट भर आणि ५ मिलिसेकंदांची गळती, म्हणून पातळी दीड मिलिव्होल्टच्या आसपास रेंगाळते. आवेग तितकेच, परिणाम चौथाई. रिफ्लेक्स हॅमरचा झटका झटपट बसावा लागतो तो म्हणूनच. स्नायू सावकाश ताणला तर स्पिंडल फायर होतात, पण एकत्र होत नाहीत.

मेरुरज्जूत आणखी एक गोष्ट आहे जी माणसाच्या चेता-स्नायू जोडावर अजिबात नाही: निरोध. आयपीएसपी म्हणजे 'उणे' सिग्नल, तो ईपीएसपीतून वजा करायचा, एवढंच अनेकांच्या डोक्यात असतं. पण सर्वांत प्रभावी निरोध कधी कधी रेकॉर्डिंगवर दिसतही नाही. पटल −७० वर आहे आणि क्लोराइडचा रिव्हर्सलही −७० च आहे असं समजा. ग्लायसिन किंवा गाबाने क्लोराइडचे चॅनेल उघडले तरी व्होल्टेज हलणार नाही. आता पटलाची विश्रांतीतली कंडक्टन्स, म्हणजे प्रवाह वाहू देण्याची क्षमता, १, उत्तेजक सायनॅप्सची एकूण ०.२ आणि तिचा रिव्हर्सल शून्य धरा. स्थिर अवस्थेतलं व्होल्टेज:

```
निरोध नाही : (1×(-70) + 0.2×0) / 1.2 = -58.3 mV
निरोधक 1   : (1×(-70) + 1×(-70) + 0.2×0) / 2.2 = -63.6 mV
```

थ्रेशोल्ड −६० असेल तर पहिल्या स्थितीत न्यूरॉन फायर होतो, दुसऱ्यात नाही. ईपीएसपी ११.७ वरून ६.४ वर आला, जवळपास निम्मा, आणि तोही स्वतः व्होल्टेज न हलवणाऱ्या सिग्नलमुळे. हा शंटिंग निरोध: वाढीव दारं उघडल्याने आलेला प्रवाह तिथूनच बाहेर निघून जातो. म्हणून तो वजाबाकीपेक्षा भागाकारासारखा वागतो. जागाही महत्त्वाची. डेंड्राइटवरून येणारा प्रवाह अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीकडे जाताना ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर किंवा पेशीकायेवर बसलेला निरोधक सायनॅप्स सगळं शोषतो. दुसऱ्याच फांदीच्या टोकाला असलेला तितकाच जोरदार सायनॅप्स फारसं काही करत नाही. स्ट्रिकनीन ग्लायसिनचे रिसेप्टर अडवतं, धनुर्वाताच्या जंतूंचं विष निरोधक टोकांतून व्हेसिकल फुटूच देत नाही. दोन्हीत वरच्या दुसऱ्या ओळीतला निरोधाचा '१' गळतो, उत्तेजना तीच राहूनही न्यूरॉन थ्रेशोल्ड ओलांडतात आणि झटके येतात.

आता जोडावरची बेरीज बिघडते तेव्हा काय दिसतं ते पाहू, कारण वरच्या १८ चा खरा उपयोग तिथे होतो. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये अँटिबॉडींमुळे अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर कमी होतात. व्हेसिकल तितक्याच फुटतात, पण प्रत्येक मिनी खुजी होते. समजा ०.५ ची ०.२ मिलिव्होल्ट झाली. पहिल्या आवेगाला १०० गुणिले ०.२ म्हणजे २०. १८ च्या वर, तंतू फायर. आता सेकंदाला ३ या वेगाने उत्तेजना द्या. फुटायला तयार असलेल्या व्हेसिकलचा साठा पहिल्या चार-पाच आवेगांत उतरतो. दुसऱ्या आवेगाला ८८ फुटल्या तर बेरीज १७.६, तंतू अडला. निरोगी तंतूत चौथ्या आवेगाला ७० च फुटल्या तरी ७० गुणिले ०.५ म्हणजे ३५, तो निवांत फायर होतो. व्हेसिकल निरोगी माणसातही तितक्याच घटतात. राखीव ताकद शाबूत आहे तोवर ती घट झाकलेली राहते.

रुग्णावर हीच चाचणी करताना त्वचेवरच्या इलेक्ट्रोडवर आपल्याला एका तंतूचं एंडप्लेट पोटेन्शियल दिसत नाही, दिसते ती स्नायूतल्या सगळ्या तंतूंच्या अ‍ॅक्शन पोटेन्शियलची बेरीज. प्रत्येक तंतू एक तर फायर होतो किंवा होत नाही. म्हणून पहिल्या प्रतिसादाच्या तुलनेत चौथा किंवा पाचवा १० टक्क्यांहून जास्त खाली आला, तर तितक्या प्रमाणात तंतू १८ च्या खाली घसरले असा अर्थ घ्यायचा. वेग सेकंदाला २ ते ३ च का? त्याहून फार सावकाश दिली तर साठा मधल्या वेळात भरून येतो. फार वेगाने दिली, म्हणजे दोन आवेगांतलं अंतर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या खाली गेलं, तर टोकात आधीचं कॅल्शियम उरलेलं असतं, ते जास्त व्हेसिकल फोडतं आणि घट झाकली जाते.

घट खरी की तंत्राची चूक, हे तिच्या आकारावरून कळतं. खरी घट पहिल्या आणि दुसऱ्या प्रतिसादात सर्वांत मोठी असते, मग हळूहळू थांबते आणि पाचव्यानंतर किंचित वर वळते, कारण मागचा साठा पुढे येऊ लागतो. तिसरा एकदम खाली, चौथा पुन्हा पूर्ण उंचीचा असं दिसलं तर हात हलला किंवा उत्तेजक इलेक्ट्रोड सरकला. उत्तेजना सुप्रामॅक्सिमल, म्हणजे सगळे मज्जातंतू नक्की फायर होतील इतकी जोरदार, नसेल तर काही मज्जातंतू कधी फायर होतात, कधी नाही, आणि जोडाचा दोष नसताना घट दिसते. उलट बाजूची चूक म्हणजे थंड हात. थंडीत अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज मंदावतं, चॅनेल जास्त वेळ उघडे राहतात, बेरीज सुधारते आणि मायस्थेनियाच्या रुग्णातही चाचणी नॉर्मल येते. म्हणून त्वचा ३२ अंश सेल्सिअसच्या वर आणल्याशिवाय नॉर्मल निकालावर विसंबू नये. मायस्थेनियावरचं औषध पायरिडोस्टिग्मिन चालू असेल तर तेही घट लपवतं; उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते सुरक्षित असेल तर ते साधारण १२ तास आधी थांबवलेलं असावं.

लँबर्ट-ईटन सिंड्रोममध्ये गुणाकाराचा दुसरा घटक पडतो. मिनी नेहमीच्याच उंचीच्या, पण टोकावरच्या कॅल्शियम चॅनेलवर अँटिबॉडी बसल्याने व्हेसिकल फुटतात थोड्याच. समजा २५: २५ गुणिले ०.५ म्हणजे १२.५, बहुतेक तंतू पहिल्याच आवेगाला अडलेले. म्हणून इथे पहिला प्रतिसादच ठेंगणा असतो. रुग्णाला तोच स्नायू १० सेकंद पूर्ण जोर लावून आवळायला सांगायचा आणि लगेच एक उत्तेजना द्यायची. साचलेल्या कॅल्शियममुळे व्हेसिकल ५० वर गेल्या तर बेरीज २५ होते, अडलेले तंतू एकदम सामील होतात आणि प्रतिसाद दुपटीहून उंच येतो. ही उत्तेजना अर्धा-एक मिनिट उशिरा दिली तर कॅल्शियम उपसलं गेलेलं असतं आणि वाढ हातची निसटते. व्यायामही १० सेकंदांचाच हवा. मिनिटभर आवळायला लावलं तर साठा उतरू लागतो आणि वाढ कमी दिसते.